केकचा रंग हाताला, ओट्याला, एप्रनला लागला तर: लिंबाच्या आधी साबण

हाताला काही लागलं की आपल्याकडे आधी लिंबाची फोड शोधली जाते. माशाचा वास असो, लसणाचा असो, तांब्याच्या भांड्याचा काळेपणा असो, उपाय लिंबू. त्यामुळे केकचा जेल कलर बोटांना लागला की नवीन शिकणाऱ्या बऱ्याच जणी लिंबू चोळतात किंवा व्हिनेगर लावतात. रंग थोडा फिका दिसतो, पण जो उरतो तो घट्ट बसतो. सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे केक शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण डाग काढण्याची बाकीची सगळी रीत यावरच उभी आहे.

आपल्याकडे खाण्यात वापरायला परवानगी असलेले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो फोर आर, ब्रिलियंट ब्लू हे रंग पाण्यात सहज विरघळतात. पण त्यांचा एक स्वभाव आहे. आंबट पाण्यात ते प्रथिनाला चिकटतात. लोकर, रेशीम, नखं, केस आणि आपल्या कातडीचा वरचा थर ही सगळी प्रथिनंच. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत याच स्वभावाचा उपयोग करतात. पदार्थाच्या पाण्यात थोडं आम्ल घालून पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात, रंग लोकरीवर चढतो. मग तोच धागा अमोनियाच्या सौम्य पाण्यात टाकला की रंग सुटून पाण्यात येतो. म्हणजे आम्लात रंग चढतो आणि अल्कलीत उतरतो. लिंबू आम्ल, साबण अल्कली. आता हातावर आधी काय लावायचं ते ठरवणं सोपं आहे.

सुताचा म्हणजे कापसाचा धागा प्रथिन नाही. त्याला हे रंग मनापासून धरत नाहीत, नुसते धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतात. म्हणून सुती एप्रनवरचा भयंकर दिसणारा डाग बहुतेक वेळा निघतो, आणि हातावरचा छोटासा डाग मात्र चिवट निघतो. नवीन माणसाला हे उलटं वाटतं.

दुसरी गोष्ट चरबीची. आपण सांगलीत बहुतेक केक एगलेस करतो आणि वर नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम लावतो. त्या क्रीममध्ये घट्ट वनस्पती तेल असतं. रंग त्या क्रीममध्ये मिसळलेला असल्यामुळे डागावर तेलाचा पातळ थर असतो आणि नुसतं पाणी त्याच्या खाली पोचतच नाही. त्यामुळे क्रम कायम एकच ठेवायचा: आधी क्रीम कोरडंच काढायचं, मग तेल साबणाने सोडवायचं, मग रंग पाण्याने पळवायचा, आणि तरीही जो उरेल त्यालाच रंग उडवणारं औषध लावायचं. क्रम बदलला की काम दुप्पट होतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊन बघू. मुलाच्या वाढदिवसाचा चंद्र-ताऱ्यांचा केक आहे, म्हणून गडद निळं क्रीम केलंय. निळा जेल, त्यात थोडा काळा. पायपिंग बॅग भरताना बोटं निळी झाली, बॅगचं टोक फुटून ओट्यावर क्रीम सांडलं आणि ओट्याला टेकून उभं राहिल्यामुळे पांढऱ्या सुती एप्रनवर पोटापाशी तळहाताएवढा डाग पडला.

आधी एप्रन

सगळ्यात आधी हात धुवावेसे वाटतात. पण हातावरचा रंग पाच मिनिटं थांबला तरी फारसा फरक पडत नाही. एप्रन वाळला तर पडतो, आणि ओट्याचा दगड फिका असेल तर तो रंग पिऊन घेतो. म्हणून हात नुसते कोरड्या कागदाला पुसायचे, एप्रन काढायचा, ओट्यावरचं क्रीम उचलून घ्यायचं आणि मग एप्रन घेऊन मोरीत जायचं. हात त्या साबणात आपोआप निम्मे स्वच्छ होतात.

एप्रनवरचं क्रीम सुरीच्या मागच्या बाजूने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडून मध्याकडे खरवडून घ्या. फडक्याने पुसलं तर रंग कापडात आत दाबला जातो आणि डाग पसरतो. मग कापड कोरडं असतानाच त्यावर भांडी घासायचं लिक्विड एक छोटा चमचा ओतून बोटांनी हलकेच मुरवा आणि पाचेक मिनिटं ठेवा. आधी पाणी लावायचं नाही, कारण ओल्या कापडावर लिक्विड पातळ होतं आणि तेलाला नीट धरत नाही. कपड्याच्या साबणाऐवजी इथे लिक्विड घ्यायला सांगते त्यालाही कारण आहे. बोअरचं पाणी जड असलं तर साबणाची वडी फेस द्यायच्या आधी पांढरी साय धरते आणि ती साय रंगासकट कापडावर बसते. लिक्विडचं तसं होत नाही.

आता एप्रन उलटा करा आणि डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा. धार पुढून सोडली तर रंग कापडातून आरपार जातो. मागून सोडली तर ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. पाणी आधी गडद निळं, मग आकाशी, मग जवळजवळ साधं येईल. या वेळी डागाच्या कडेला फिक्या निळ्या रंगाचं एक वर्तुळ दिसू लागतं आणि डाग वाढला म्हणून नवीन माणूस घाबरतो. गडद निळ्या जेलमध्ये दोन-तीन रंग मिसळलेले असतात आणि प्रत्येकाचा पाण्याबरोबर पळण्याचा वेग वेगळा असतो. जो वेगाने पळतो तो कडेला आधी दिसतो. रंग सुटतोय याचीच ती खूण आहे, धार चालू ठेवा.

धारेखाली आता रंग येत नाही, पण कापडावर फिकट निळी छटा उरली आहे, अशी वेळ आली की धुणं थांबवा. इथून पुढे घासून काही होत नाही, फक्त सूत उसवतं. आता भिजवायचं. डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर किराणा दुकानात मिळते, पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. अर्ध्या बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात पाकिटावर दिलेल्या मापाने पावडर नीट विरघळवा आणि एप्रन पूर्ण बुडवून दोन तास ठेवा. तरी छटा दिसली तर रात्रभर. हे पाणी अल्कलीही आहे आणि रंग फोडणारा ऑक्सिजनही सोडतं, म्हणून दोन्ही कामं एकदम होतात. बादलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होत असतो. रंगीत किंवा छापील एप्रन असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंबभर हेच पावडरचं पाणी लावून अर्धा तास थांबा. तिथला रंग उतरला नाही तरच पुढे जा.

पावडर घरात नसेल तर मेडिकलमधली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली चालते. ती बहुधा ६ टक्क्यांची असते, तेवढंच पाणी मिसळून ३ टक्क्यांची करायची. ओल्या पांढऱ्या कापडावर डागापुरती ओतायची, अर्धा तास ठेवायची, धुवायची, लागलं तर पुन्हा. पाणी मिसळलेलं उरलं तर फेकून द्या, बाटलीत बंद करून ठेवू नका.

क्लोरीनचं ब्लीच शेवटी, आणि तेही निव्वळ पांढऱ्या सुतालाच. ते पेरॉक्साइडमध्ये मिसळायचं नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या आम्लाजवळ तर अजिबात आणायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आधी व्हिनेगर लावून पाहिलेल्या कापडावर लगेच ब्लीच ओतणं म्हणजे हेच मिश्रण मोरीत तयार करणं. आधीचं औषध खळखळून धुऊन टाकल्याशिवाय दुसरं लावू नका.

उन्हाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण आपण हळदीच्या गावातली माणसं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, मग उन्हात टाकला की एका दुपारात उडून जातो, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे एप्रनवर रंग राहिला तरी ऊन बघून घेईल असं वाटतं. हळदीतला रंग उन्हापुढे टिकत नाही. केकमधले सगळे रंग तसे नाहीत. काही लाल-गुलाबी रंग उन्हात फिके होतात, पण पिवळा टार्ट्राझिन किंवा निळा ब्रिलियंट ब्लू हळदीसारखा एका दुपारात जात नाही. त्यात कापड वाळलं की पाण्याबरोबर पळणारा रंग जागच्या जागी बसतो आणि उरलेली साखर नि तेल त्याला धरून ठेवतं. म्हणून डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत एप्रन ओलाच ठेवा. इस्त्री तर त्या आधी नकोच. खात्री करायची तर ओलं कापड खिडकीशी धरून उजेडात पाहा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिका निळा दिसत नाही आणि सकाळी दोरीवर दिसतो.

एप्रन सुती असून एखादाच भाग निळा राहिला, तर बंद आणि किनार बघा. पुष्कळ एप्रनचे बंद, लेस किंवा शिलाईचा दोरा नायलॉनचा असतो. नायलॉन प्रथिन नसलं तरी हे रंग त्याला लोकरीसारखेच धरतात. बाकी एप्रन पांढराशुभ्र आणि बंद आकाशी असं झालं तर तुमच्या धुण्यात काही चुकलेलं नाही. बंद बदलून सुती लावून घ्या, पुढच्या वेळी उपयोग होतो.

ओटा

ओट्याचा दगड कोणता हे आधी बघायचं. जुन्या घरांत काळा कडप्पा असतो, नव्या फ्लॅटमध्ये ग्रॅनाइट, कुठे पांढरा संगमरवर, आणि मागे टाइल्स. काळ्या कडप्प्यावर निळा रंग दिसतही नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण कडप्पा आणि संगमरवर हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी त्यांची चकाकी खातं. डाग नसलेल्या ओट्यावर लिंबू चोळून लोक एक कायमचा डाग करून घेतात. पांढुरका ठिपका दिसला तर डोळे ओट्याच्या पातळीला आणून तिरप्या उजेडात पाहा. रंग लागलेला असेल तर तिथलीही चकाकी शाबूत दिसते. तिथे उजेड परतत नसेल, नुसतं मंद दिसत असेल, तर दगडच खाल्ला गेलाय. तो साबणाने परत येत नाही, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं.

आपल्या उदाहरणातला ओटा फिक्या ग्रॅनाइटचा धरू. क्रीम आधी उचलून घेतलंच आहे. आता उरलेल्या ओल्या रंगावर कागद ठेवून दाबा, उचला, नवा कागद ठेवा. पुसू नका. पुसलं की वाटीएवढा डाग ताटाएवढा होतो आणि मागच्या टाइल्सच्या सांध्यात शिरतो. मग भांड्याच्या लिक्विडचं कोमट पाणी आणि मऊ स्पंज. गुळगुळीत टाइल, सनमायका आणि पॉलिश चांगलं असलेला दगड एवढ्यात साफ होतो. तारेची घासणी नको, चरे पडतात आणि पुढचा रंग त्या चऱ्यांत जाऊन बसतो.

फिका ग्रॅनाइट किंवा सांध्यातलं पांढरं सिमेंट रंग पितं. तिथे लेप लावावा लागतो. खाण्याचा सोडा दोन मोठे चमचे घ्या आणि ३ टक्के पेरॉक्साइड थोडं थोडं घालून डोशाच्या पिठापेक्षा घट्ट असं कालवा. डागावर चांगला जाड थर द्या, वर क्लिंग फिल्म झाका, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर ठेवा. ओला लेप दगडातल्या रंगापर्यंत पोचतो, पेरॉक्साइड तो फोडतं. सकाळी फिल्म काढून लेप तसाच वाळू द्या. वाळताना तो आतलं पाणी आणि उरलेला रंग वर ओढतो. मग प्लास्टिकच्या उलथण्याने खरवडून ओटा पाण्याने पुसा. फिका झाला पण गेला नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा लावा. गडद दगडावर हा लेप लावायच्या आधी कोपऱ्यात करून बघा, काही दगड पेरॉक्साइडने फिके पडतात.

जेलऐवजी पावडर रंग सांडला तर मात्र उलटं वागायचं. त्याला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. पंखा बंद करा, कोरड्या ब्रशने किंवा कागदाने रंग गोळा करा, मग कोरड्याच फडक्याने टिपा. पावडरचा डोळ्याला न दिसणारा कण ओला झाला की रुपयाएवढा ठिपका होतो. ओल्या फडक्याने पुसलेला ओटा दहा मिनिटांनी ठिपक्यांनी भरलेला दिसतो तो यामुळे.

हात

हातांना आधी पाणी न लावता भांड्याचं लिक्विड कोरड्या हातांवर चोळा, नखांच्या कडेपर्यंत. क्रीमचं तेल सुटलं की हात बुळबुळीत लागतात, मग कोमट पाण्याने धुवा. गार पाण्यात ते घट्ट तेल थिजून बोटांनाच राहतं. एप्रनला गार आणि हाताला कोमट असं सांगते ते म्हणूनच. यानंतर साधी अंघोळीच्या साबणाची वडी घ्या. तिचा फेस अल्कली असतो, तो हातावर अर्धा-एक मिनिट राहू द्या आणि मग धुवा. पुष्कळ रंग इथेच जातो.

उरलेल्यासाठी तळहातावर एक चमचा खाण्याचा सोडा, त्यात थोडं लिक्विड आणि पाण्याचे चार थेंब. बोटांच्या टोकांवर अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा. सोडा आम्लाच्या विरुद्ध बाजूचा आहे आणि थोडा खरखरीतही, त्यामुळे वरची मृत कातडी रंगासकट निघते. पांढरी टूथपेस्टही साधारण हेच काम करते, पारदर्शक जेलवाली तेवढी करत नाही. नखांच्या फटीत जुना मऊ टूथब्रश. धुण्याचा सोडा मात्र हाताला लावू नका, तो खूप तीव्र आहे. कपड्यांचं ब्लीच, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलंही काही नको. पेरॉक्साइडने कातडी पांढरी पडून चुरचुरते, ते कापडालाच बरं. सॅनिटायझरने थोडा रंग सुटतो खरा, पण तो पेट घेतो. गॅस किंवा ओव्हन चालू असलेल्या खोलीत तो वापरू नये.

एवढं करून बोटांच्या रेषांत फिका निळा रंग राहीलच. तिथे थांबायचं. कातडीचा वरचा थर रोज झडत असतो, एक-दोन दिवसांत रंग त्याच्याबरोबर जातो. नखांच्या कडेला जरा जास्त दिवस दिसतो. दुसऱ्या दिवशी ऑर्डर घेऊन जायचीय म्हणून पुन्हा पुन्हा घासलं तर कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीत पुढचा रंग आणखी खोल बसतो. शेवटी खोबरेल तेलाचा थेंब चोळा. हाताला चीर किंवा कापलेलं असेल तर सोडा लावू नका, नुसता साबण.

कामाला बसायच्या आधी हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं असंही सांगतात. रंग कमी बसतो हे खरं आहे. पण रॉयल आयसिंग किंवा मरँग करणार असाल तर तेलाचा अंशसुद्धा ते बसवतो, म्हणून तिथे हातमोजेच. क्रीमच्या केकला नखांच्या कडेला किंचित खोबरेल चालतं.

गडद क्रीम करताना रंग कमी वापरायची एक रीत आहे. निळा किंवा लाल जेल हवा त्याच्या थोडा अलीकडेच थांबवून क्रीम झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, रंग आपोआप गडद होतो. काळं हवं असेल तर आधी कोको घालून तपकिरी करा, मग काळा जेल थोडाच लागतो. क्रीममध्ये रंग कमी म्हणजे हाताला, ओट्याला आणि खाणाऱ्याच्या जिभेलाही कमी.

समारंभात केक कापताना रेशमी साडीला लागला तर यातलं काहीच करायचं नाही. रेशीम प्रथिन आहे, त्याला रंगही लगेच धरतो आणि सोडा, साबण, ऑक्सिजन पावडर यांनी रेशमाची चमकही जाते. क्रीम चमच्याने उचला, कोरड्या कागदाने टिपा, पाणी लावू नका, आणि ड्रायक्लीनवाल्याला हा खाण्याचा रंग आहे, क्रीमबरोबर लागलाय असं सांगून त्याच दिवशी द्या. स्वेटरला लागलं तर क्रीम उचलून लोकरीच्या लिक्विडने गार पाण्यात लगेच धुवा. गरम पाणी आणि लिंबू या दोन्हींनी तो रंग लोकरीत पक्का होतो.